आकडा जुळवायचा की अक्षर? बाईकच्या ऑइलचे दोन डबे

परवा मेहुण्याचा फोन आला तो थेट ऑइलच्या दुकानातून. "दाजी, गाडीला लागतं ते नेमकं ऑइल इथं नाही. दुकानदारानं दोन डबे काढून ठेवलेत. एकावर 10W-30 आहे, पण मागं बारीक अक्षरात MB लिहिलंय. दुसऱ्यावर MA2 आहे, पण तो 20W-40. पुस्तकात तर 10W-30 आणि MA असं दोन्ही आहे. कुठला उचलू?"

त्यानं मलाच विचारलं, कारण हे दोन्ही प्रकार माझ्या गाडीत ओतून झालेत हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तेही चुकीच्या क्रमानं.

फोनवर त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलं, इथं जरा सविस्तर लिहितो. तालुक्याच्या ठिकाणी हा पेच बऱ्याचदा पडतो. हवा तो डबा संपलेला असतो, गाडीखाली ट्रे लावून जुनं ऑइल काढून झालेलं असतं आणि समोर दोन डबे असतात. दोन्ही अर्धे बरोबर, दोन्ही अर्धे चूक.

आधी मॅन्युअल. माझी गाडी गिअरची, १२५ सीसी, आठ वर्षांची. मॅन्युअलमध्ये ऑइलचा उल्लेख दोन ठिकाणी आहे, आणि गोंधळाचं मूळ तिथंच. बहुतेक जण शेवटच्या पानांवरचा तांत्रिक माहितीचा तक्ता उघडतात. तिथं ग्रेड, म्हणजे ऑइलच्या जाडपणाचा आकडा, आणि किती ऑइल मावतं एवढंच असतं. खरी माहिती देखभालीच्या प्रकरणात असते, ती कुणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती. तिथं असं आहे:

```
SAE 10W-30
JASO T 903 : MA
API SG or higher
(except Energy / Resource Conserving)
```

शेवटी बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य आहे: तुमच्या भागातलं तापमान खालच्या तक्त्यात बसत असेल, तर तक्त्यातल्या इतर ग्रेड वापरता येतील. त्याखाली आडव्या पट्ट्यांचा एक छोटा तक्ता. या तक्त्यावर पुढं येतो, कारण सगळा निकाल त्यानंच लावला.

आता माझा पहिला डबा. 10W-30, अगदी मॅन्युअलमधला. पुढच्या बाजूला हा आकडा एवढा मोठा छापलेला की रस्त्याच्या पलीकडूनही दिसावा. बाजूला 4T. मागं दर्जाचं अक्षर API SL, म्हणजे SG च्या वरचंच. तीनपैकी दोन ओळी जुळल्या म्हणून मी खूश. तिसरी ओळ बॅच नंबरच्या शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरात: JASO MB. ती मी पाहिली होती, पण मनात म्हटलं, MA काय न् MB काय, कंपनीचा काहीतरी अंतर्गत कोड असेल. काउंटरवरचा मुलगाही म्हणाला, "टेन-थर्टी म्हणजे टेन-थर्टी हो काका, सगळं सेमच असतं."

ऑइल बदलल्यावर पहिले दीड-दोनशे किलोमीटर गाडी अक्षरशः लोण्यासारखी चालली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. गिअर हलके पडत होते, इंजिनाचा आवाज मऊ झाला होता. उगाच महागाचं ऑइल घेत होतो इतकी वर्षं, असंही मनात येऊन गेलं.

मग एका रविवारी आम्ही दोघं कासला निघालो. साताऱ्यातून बाहेर पडलं की लगेच यवतेश्वरचा घाट लागतो. दुसऱ्या वळणाच्या पुढं तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली, तर इंजिन किंचाळायला लागलं आणि गाडी मात्र होती तिथंच. क्लच अर्धवट दाबून धरल्यावर होतं ना, तसं. पण माझी बोटं क्लचवर नव्हतीच. मूठ सैल केली की गाडी पुन्हा पकड घ्यायची, जरा पिळली की परत मोकळा आवाज. मागं एसटी, ड्रायव्हरचा हॉर्नवरचा हात निघेना. बायको म्हणाली, "उतरू का मी?" आणि ती खरंच उतरली. तेवढा एक चढ मी एकटा गाडीवर आणि ती पायी, असा पार केला. त्या दिवशी कास राहिलंच.

या एका कटकटीनं माझं मत कायमचं एका बाजूला झुकवलं, म्हणून तिचं कारण नीट सांगतो.

गिअरच्या बाईकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच हे तिघं एकाच ऑइलमध्ये नांदतात. क्लच म्हणजे एकाआड एक बसवलेल्या प्लेटा: एक अस्तर लावलेली, एक साधी पोलादाची. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. दाबलेल्या अवस्थेत त्या एकमेकींना घट्ट धरून फिरल्या पाहिजेत, तरच इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. आणि हे सगळं ऑइलमध्ये बुडालेलं. म्हणजे त्याच ऑइलनं पिस्टनला घसरू द्यायचं आणि क्लचच्या प्लेटांना मात्र घसरू द्यायचं नाही.

स्कूटरमध्ये ही भानगडच नाही. तिथं पट्ट्यावर चालणारं ट्रान्समिशन असतं, क्लच कोरडा आणि वेगळ्या कप्प्यात. गिअर ऑइलही वेगळं, अर्ध्या वाटीभर. इंजिन ऑइल क्लचला शिवतसुद्धा नाही. त्यामुळं स्कूटरच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं बिनधास्त घालता येतात. ती धातूच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात, घर्षण कमी होतं आणि ॲव्हरेज थोडं वाढतं. MB म्हणजे तेच: कमी घर्षणाचं ऑइल. माझा तो डबा वाईट नव्हता, तो माझ्या गाडीचा नव्हता. बायकोच्या ११० सीसी स्कूटरच्या मॅन्युअलमध्ये नेमकं 10W-30, JASO MB असंच लिहिलंय.

ही अक्षरं आली कुठून हेही कळलं तर ती डोक्यात बसतात. मोटारींच्या ऑइलमध्ये इंधन वाचवण्यासाठी अशी रसायनं वाढत गेली, आणि तीच ऑइलं बाईकमध्ये ओतली की क्लच घसरू लागले. म्हणून जपानच्या वाहन मानक संस्थेनं, म्हणजे जासोनं, १९९८ साली चार स्ट्रोक दुचाकींच्या ऑइलसाठी T 903 हे वेगळं मानक काढलं. त्यात प्लेटांच्या घर्षणाची चाचणी होते आणि ऑइल किती पकड देतं, किती लवकर देतं हे मोजतात. पकड टिकवणारी ती MA, घसरगुंडीकडे झुकलेली ती MB. पुढं २००६ मध्ये MA च्याच पट्ट्याचे दोन भाग केले: खालचा MA1, वरचा MA2. म्हणून मॅन्युअलमध्ये नुसतं MA असेल तर MA, MA1, MA2 तिन्ही चालतात. मॅन्युअलनंच MA2 मागितलं असेल तर मात्र नुसत्या MA वर भागवू नये, कारण ते ऑइल वरच्या अर्ध्यात बसतंच याची खात्री त्या अक्षरांत नसते.

आता कुणी म्हणेल, मी MB वर वर्षभर बाईक चालवलीय, काही झालं नाही. असेल. प्लेटा नव्या असतील, स्प्रिंगा कडक असतील, गाडी सपाट रस्त्यावर एकट्यानं चालत असेल, तर कदाचित कळणारही नाही. माझ्या प्लेटा आठ वर्षांच्या होत्या आणि रस्ता यवतेश्वरचा होता. सपाटीवर माझीही तक्रार नव्हती.

घसरतोय तो क्लचच ना, हे मी असं तपासलं. आधी केबल. क्लचच्या दांडीच्या टोकाला मोकळी हालचाल किती आहे ते पाहिलं. माझ्या मॅन्युअलमध्ये १० ते २० मिलिमीटर दिलीय. ती फार कमी असेल तर ऑइल कितीही चांगलं असो, क्लच सतत थोडा दाबलेलाच राहतो आणि घसरतो. माझी बरोबर होती. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगानं जाऊन मूठ एकदम पूर्ण पिळली. आवाज आधी उडी मारून वर गेला आणि वेग मागून सावकाश आला. पकड असलेल्या क्लचमध्ये दोन्ही हातात हात घालून चढतात.

गॅरेजवाल्याचं म्हणणं पडलं, प्लेटा गेल्या, सेट टाकू. त्यानं दीड-दोन हजारांचा हिशेब कागदावर मांडलाही. मी म्हटलं, आधी ऑइल बदलून बघू. तो हसला, पण बदललं.

तर दुसरा डबा. त्या दिवशीही 10W-30 मध्ये MA वालं मिळालं नाही, मिळालं ते 20W-40, API SL, JASO MA2. डबा घरी आणून ठेवला आणि मॅन्युअल घेऊन बसलो, कारण आता माझा विश्वास कशावरच उरला नव्हता. तेव्हा तो पट्ट्यांचा तक्ता पहिल्यांदा नीट पाहिला. खाली अंश सेल्सियसची रेघ, वर प्रत्येक ग्रेडची एक आडवी पट्टी. 10W-30 ची पट्टी डावीकडं थंडीत बरीच लांब गेलेली. 20W-40 ची पट्टी डावीकडं आखूड, पण उजवीकडं चाळीसच्या पुढं गेलेली. साताऱ्यात हिवाळ्यात पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास आणि एप्रिलमध्ये दुपारी अडतीस. दोन्ही टोकं त्या पट्टीच्या आत. म्हणजे वरच्या मोठ्या अक्षरांशी न जुळणारा हा डबा मॅन्युअललाच मान्य होता.

आणि जासोच्या ओळीखाली असा कुठलाच तक्ता नव्हता. "इतर अक्षरंही चालतील" असं वाक्य कुठंच नव्हतं. उलट API च्या ओळीपुढं बजावलेलं होतं: ऊर्जा बचतीचा शिक्का असलेलं ऑइल नको. आकड्याबाबत मॅन्युअल मोकळीक देत होतं, अक्षराबाबत नाही. मी नेमकं उलट केलं होतं.

जुनं ऑइल काढून नवं ओतलं म्हणून मामला एका दिवसात मिटला नाही. शेवटच्या पानावरच्या तक्त्यात ऑइलच्या मापाचे दोन आकडे आहेत: बदलताना ८०० मिली, इंजिन पूर्ण खोलल्यावर १ लिटर. मला हे कायम छपाईतला घोळ वाटायचा. पण त्याचा अर्थ सरळ आहे. बूच काढून कितीही वेळ ठेवा, २०० मिली जुनं ऑइल आतल्या कोपऱ्याकापऱ्यांत राहतंच. म्हणजे नवीन MA2 ओतल्यावरही माझ्या इंजिनात पाचवा हिस्सा MB होता. गाडी सुधारली, पण घाटात कधीमधी किंचित घसरायची. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदललं, तेव्हा पाचव्या हिश्श्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे शंभरात चार भाग उरला. त्यानंतर यवतेश्वर दोघांना घेऊन तिसऱ्यात चढला. प्लेटा त्याच, आजही त्याच आहेत. माझ्या बाबतीत असं झालं; तुमच्या प्लेटांचं अस्तर आधीच झिजलं असेल तर नुसतं ऑइल बदलून भागेल असं मी म्हणणार नाही.

आता 20W-40 ची बाजू, कारण त्यातही काही फुकट मिळत नाही.

डॅशच्या उजवीकडचा आकडा इंजिन तापल्यावरचा जाडपणा सांगतो. १०० अंश तापमानाला 30 ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या आत बसतं, 40 चं १२.५ ते १६.३ च्या आत. म्हणजे धावत्या इंजिनात 40 स्पष्टपणे जाड. डावीकडचा W वाला आकडा थंडीचा: 10W ची स्टार्टिंगची चाचणी उणे २५ अंशांना होते, 20W ची उणे १५ ला. एसएईच्या J300 तक्त्यातले हे आकडे साताऱ्याच्या कुठल्याच सकाळी कामाला येत नाहीत, पण दिशा कळते. 20W गार असताना जास्त चिवट.

माझा अनुभव असा. जानेवारीत सकाळी सेल्फ मारताना गाडी जराशी कण्हायची, पहिलं मिनिटभर इंजिन जड वाटायचं. ॲव्हरेज पूर्वी सत्तावन्नच्या आसपास मिळायचं ते पंचावन्नवर आलं. टाकी फुल करून, किलोमीटर लिहून काढलेला हिशेब आहे हा, प्रयोगशाळेतला नाही. त्या दिवसांत टायरही जुने होते, त्यामुळं सगळा दोष ऑइलच्या माथी मारत नाही. टॅपेटचा आवाज थोडा कमी झाला, त्याचं श्रेय मेकॅनिक लोक जाड ऑइलला देतात. "जाड ऑइल म्हणजे इंजिनाला आराम" हे वाक्य आपल्याकडं 20W-50 वापरणारे मेकॅनिक छाती ठोकून सांगतात. मला ते सरसकट पटत नाही. अरुंद वाटांमधून वरपर्यंत जाड ऑइल सावकाश पोचतं, आणि आजकालच्या छोट्या इंजिनांच्या वाटा अरुंदच असतात. पण तीन हजार किलोमीटरच्या एका फेरीसाठी, मॅन्युअलच्या पट्टीत बसणारं 20W-40 वापरण्यात मला काही गैर दिसलं नाही.

तर दोन्ही डबे शेजारी ठेवले तर चित्र असं दिसतं. पहिल्या डब्याची चूक आधी सुखद वाटते आणि नंतर चढावर उघडी पडते, आणि तिची किंमत प्लेटांमध्ये मोजावी लागू शकते. दुसऱ्या डब्याची चूक, तिला चूक म्हणायचंच असेल तर, पहिल्या सकाळपासून कळते, लिटरमागं एक-दोन किलोमीटरची असते आणि पुढच्या ऑइलबदलाला पुसून जाते. मेहुण्याला मी म्हटलं, "ऑइल अजून काढलं नसशील आणि डिपस्टिकवर पातळी ठीक असेल, तर चार दिवस थांब आणि शहरातून 10W-30, MA मागव. शंभर-दोनशे किलोमीटर जास्त गेले तर आभाळ कोसळत नाही. काढलंच असेल, तर MA2 उचल. पण आधी तुझ्या पुस्तकात तो पट्ट्यांचा तक्ता आहे का बघ."

ही अट मी मुद्दाम घातली. नव्या बीएस सहा गाड्यांच्या काही पुस्तकांत तक्ताच नसतो, एकच ग्रेड दिलेली असते. तिथं मोकळीक नाही असंच धरावं, आणि गाडी वॉरंटीत असेल तर प्रयोग करूच नयेत. अशा गाडीला मी दोन्ही डबे परत करीन आणि वाट पाहीन. तसंच हिवाळ्यात लडाखकडं गाडी नेणारं कुणी असेल, तर 20W ची पट्टी तिथल्या थंडीत अपुरी पडते, त्यांनी आकड्याशीही तडजोड करू नये.

स्कूटरवाल्यांना हाच प्रश्न उलटा विचारला तर उत्तर बरंच सौम्य आहे. MB मागणाऱ्या स्कूटरमध्ये योग्य ग्रेडचं MA2 गेलं तर तिचा क्लच ऑइलला भेटतच नसल्यामुळं घसरण्याचा प्रश्न येत नाही. ॲव्हरेज किंचित कमी होईल, एवढंच. घरात दोन्ही गाड्या असतील आणि अडचणीसाठी एकच डबा ठेवायचा असेल, तर तो MA2 चा असावा, असं माझं आपलं मत. बायकोच्या स्कूटरला मात्र मी नेहमी MB च घालतो. तिच्या पुस्तकात तसं लिहिलंय, आणि आमच्या घरात आता पुस्तकाशी वाद घालत नाहीत.

आणखी एका डब्याबद्दल सांगून ठेवतो, कारण तो मोह मलाही झाला होता. मोटारीचं 5W-30, त्यावर API SP. API च्या S पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं मानक नवं. SL २००१ चं, SP २०२० चं. मग SG मागणाऱ्या बाईकला SP म्हणजे मेजवानीच, असं वाटतं. पण त्या डब्यावरचा API चा गोल शिक्का नीट बघा. वरच्या अर्धगोलात SP, मधोमध ग्रेड, आणि खालच्या अर्धगोलात बहुतेकदा Resource Conserving. मॅन्युअलनं नको म्हटलेलं तेच हे. शिवाय जासोचं अक्षर त्यावर नसतं, म्हणजे क्लचच्या कसोटीला ते बसलंय असा दावा कुणी केलेलाच नाही. API चं अक्षर इंजिनाबद्दल बोलतं, क्लचबद्दल नाही.

अक्षर शोधताना आता मी एवढं करतो. मोबाइलचा कॅमेरा मागच्या लेबलवर धरून मोठं करतो. चष्मा लावूनही ते वाचता येत नाही. जासोचा खरा शिक्का चौकटीत असतो: त्यात नोंदणी क्रमांक असतो, दुचाकीच्या ऑइलचा असेल तर तो M नं सुरू होतो, आणि MA, MA2 किंवा MB हे अक्षर ठळक असतं. चौकट नसून नुसतं "जासो एमए२ च्या दर्जाचं" अशा अर्थाचं वाक्य असेल, तर ते कंपनीचं म्हणणं समजावं. लगेच खोटं ठरवू नये, पण दोन डबे सारख्या किमतीचे असतील तर मी क्रमांकवाला घेतो. पुढच्या बाजूचं 4T मात्र काहीच सांगत नाही, ते MA वरही असतं आणि MB वरही. डब्यावरचं चित्र त्याहून जास्त खरं बोलतं: स्कूटर छापली असेल तर मागची चौकट दोनदा वाचायची.

मेहुण्यानं शेवटी MA2 घेतलं. रात्री त्यानं मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो पाठवला, पट्ट्यांच्या तक्त्यासकट. त्याचा 20W-40 वाला पट्टा माझ्याहून थोडा आखूड आहे, पण कऱ्हाडला पुरतो.

माझ्याकडं आता परत 10W-30, MA आहे. लिटरच्या डब्यातले ८०० जातात, दोनशे उरतात, ते पातळी घसरली तर टाकायला फळीवर ठेवतो. शेजारीच स्कूटरचा डबाही असतो, तोही 10W-30. दोन्हींवर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, एकावर "बाईक", एकावर "स्कूटर". अक्षर बायकोचं आहे. घाटात उतरून चालली होती ती, त्यामुळं हे काम तिनं माझ्यावर सोपवलं नाही.